लिफ्टमधलं एक मीटर पाणी

समजा, तीस मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पारदर्शक नळी उभी करून ठेवली आहे. तळ बंद, तोंड उघडं, आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर. तिच्यात बरोबर एक मीटर उंचीपर्यंत पाणी भरलं, तर ते एक लिटर होतं, म्हणजे एक किलो. नळीच्या बुडाशी दाब मोजणारं एक गेज बसवलं आहे. लिफ्ट तळमजल्यावर उभी असताना गेज ९,८०० पास्कल दाखवतं. खोलीतली हवा पाण्यावर जो दाब देते तो वेगळा. हे गेज फक्त पाण्यामुळे वाढलेला दाब सांगतं.

दार बंद होतं, तिसाव्या मजल्याचं बटण दाबलं जातं आणि लिफ्ट सुटते. त्याच क्षणी गेजवरचा आकडा ११,००० वर जातो. अडीच सेकंदांनी तो पुन्हा ९,८०० वर येतो आणि पुढचे मजलेच्या मजले मागे पडत असताना तिथून हलत नाही. वरचा मजला जवळ आला की तो ८,६०० पर्यंत उतरतो, आणखी अडीच सेकंद तिथेच राहतो आणि लिफ्ट थांबताच पहिल्या जागी परततो. या सगळ्या वेळात नळीतलं पाणी एका थेंबानंही वाढलेलं नाही की कमी झालेलं नाही. पाण्याची उंची तीच, घनता तीच. तरीही तळाचा दाब दोनदा बदलला.

हे का घडतं ते समजायला त्या एक किलो पाण्याकडे द्रव म्हणून नव्हे, तर एक वस्तू म्हणून पाहावं लागतं. पृथ्वी या पाण्याला ९.८ न्यूटन बलानं खाली ओढते. लिफ्ट उभी असताना नळीचा तळ तेवढ्याच बलानं पाण्याला वर ढकलतो आणि पाणी जागच्या जागी राहतं. ९.८ न्यूटन बल दहा चौरस सेंटिमीटरवर पसरलं की दाब येतो ९,८०० पास्कल. आता लिफ्ट वर निघाली. तिचा वेग दर सेकंदाला १.२ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो आहे असं धरू. उंच इमारतींतल्या लिफ्टचं त्वरण साधारण याच आसपास असतं. लिफ्टबरोबर पाण्याचाही वेग वाढायला हवा. पण पाण्याला वर ढकलणारं त्याच्या खाली दुसरं आहे काय? फक्त नळीचा तळ. एक किलो पाण्याला तेवढं त्वरण द्यायला १.२ न्यूटन बल जास्त लागतं, ते तळच पुरवतो. ९.८ आणि १.२ मिळून ११ न्यूटन. गेजवर दिसलेले ११,००० पास्कल ते हेच.

नळी बारीक असो की जाड, उत्तर बदलत नाही. दुप्पट क्षेत्रफळाच्या नळीत पाणी दुप्पट, त्याला ढकलायला बल दुप्पट, पण ते पसरायला जागाही दुप्पट. म्हणून हिशेब एका ओळीत मांडता येतो: तळाचा दाब म्हणजे घनता गुणिले उंची गुणिले गुरुत्व त्वरण आणि लिफ्टचं त्वरण यांची बेरीज. त्वरण वरच्या दिशेला असेल तर बेरीज, खालच्या दिशेला असेल तर वजाबाकी. लिफ्ट सुटताना एक मीटर पाणी तळाला एक मीटर बारा सेंटिमीटर पाण्याइतकं जाणवतं, एवढाच त्याचा अर्थ.

इथे बहुतेकांची एक चूक होते. लिफ्ट वर जाते तेव्हा दाब वाढतो आणि खाली येते तेव्हा कमी होतो, असं वाटतं. पण दाबाला लिफ्टच्या दिशेशी काही देणंघेणं नाही. वेग कसा बदलतो आहे एवढंच त्याला कळतं. सेकंदाला तीन मीटर हा वेग गाठायला आपल्या लिफ्टला अडीच सेकंद लागतात. त्यानंतर नव्वद मीटरच्या प्रवासातली सुमारे सत्तावीस सेकंदं ती एकाच वेगानं वर जात राहते, आणि तेवढा वेळ गेजला ती उभी आहे की चालली आहे हे ओळखता येत नाही. वरचा मजला जवळ आला की लिफ्ट वरच जात असते, पण तिचा वेग कमी होत असतो. वेग कमी होणं म्हणजे खालच्या दिशेचं त्वरण, म्हणून तळाचा दाब उतरतो. परतीच्या प्रवासात हाच क्रम उलटा होतो. खाली निघताना दाब उतरतो आणि तळमजल्यावर थांबताना वाढतो. वर सुटणं आणि खाली येऊन थांबणं, या दोन्ही वेळा पाण्याच्या दृष्टीनं अगदी सारख्या असतात.

एका गोष्टीची मात्र यात सरमिसळ होऊ द्यायची नाही. उंच इमारतीत वर जाताना कानाला दडे बसतात, त्याचा या त्वरणाशी संबंध नाही. जमिनीजवळ दर मीटर उंचीला हवेचा दाब सुमारे बारा पास्कलनं कमी होतो. नव्वद मीटर वर गेलं की हजारेक पास्कल कमी होतात आणि कानाच्या पडद्याला ते जाणवतं. हा बदल संपूर्ण प्रवासात सावकाश होतो आणि लिफ्ट थांबल्यावरही कायम राहतो. त्वरणामुळे होणारा बदल सुटताना आणि थांबताना, काही सेकंदांपुरताच असतो. नळीच्या बुडाशी हवेसकट एकूण दाब मोजणारं साधन लावलं, तर दोन्ही बदल एकाच आलेखावर दिसतात: संथपणे खाली उतरत जाणारी एक रेघ आणि तिच्या दोन टोकांना एक उंचवटा आणि एक खळगा.

आता नळीऐवजी गवंड्याची लेव्हल पाईप लिफ्टमध्ये आणू. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, तिच्यात पाणी आणि दोन्ही टोकं वर धरलेली. दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करायला बांधकामावर ती रोज वापरतात. लिफ्ट सुटली की या पाईपच्या तळाचा दाबही बारा टक्क्यांनी वाढतो, पण दोन्ही टोकांचं पाणी जिथल्या तिथे राहतं. कारण साधं आहे. एका बाजूच्या पाण्याचा भार जितका वाढला, तितकाच दुसऱ्या बाजूच्याही पाण्याचा वाढला. दोघं एकमेकांना पूर्वीसारखेच तोलून धरतात. किराणा दुकानातल्या दोन पारड्यांच्या तराजूचंही तसंच आहे. एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात किलोभर साखर असेल, तर लिफ्ट कितीही जोरात सुटली तरी दांडी कलणार नाही. त्याच साखरेची पिशवी तानकाट्याला अडकवली, तर मात्र काटा खाली सरकेल, कारण तानकाट्यातल्या स्प्रिंगचा ताठरपणा लिफ्टच्या त्वरणानं बदलत नाही.

लिफ्टमधल्या पाण्याची सगळी कोडी या एका फरकानं सुटतात. वजनाची तुलना वजनाशी केली तर काहीच बदललेलं दिसत नाही. वजनाची तुलना स्प्रिंगशी, हवेच्या दाबाशी किंवा स्नायूंच्या ताकदीशी केली की बदल लगेच उघड होतो.

बादलीतल्या पाण्यावर लाकडाचा ठोकळा अर्धा बुडून तरंगतो आहे. लिफ्ट सुटली की पाण्याचा दाब वाढतो, मग पाणी ठोकळ्याला जास्त जोरानं वर उचलेल आणि तो थोडा वर येईल, असं वाटेल. तो वर येत नाही आणि खालीही जात नाही. पाण्याचा रेटा बारा टक्क्यांनी वाढला, पण ठोकळ्याला सांभाळायला लागणारं बलही बारा टक्क्यांनीच वाढलं. ठोकळा अर्धाच बुडलेला राहतो.

दुसरं उदाहरण याहून नवलाचं. आपल्या एक मीटरच्या नळीला बरोबर मधोमध भोक पाडलं आणि वरून पाणी घालत पातळी कायम ठेवली. भोकाच्या वर अर्धा मीटर पाणी आहे, खाली अर्धा मीटर अंतरावर लिफ्टची फरशी. लिफ्ट उभी असताना धार सेकंदाला ३.१३ मीटर वेगानं बाहेर पडते, फरशीवर पोहोचायला तिला ०.३२ सेकंद लागतात आणि ती नळीपासून एक मीटरवर पडते. लिफ्ट सुटल्यावर भोकाजवळचा दाब वाढतो आणि धारेचा वेग ३.३२ मीटर होतो. मग ती एक मीटरच्या पुढे पडायला हवी. पण बाहेर पडलेल्या पाण्याला लिफ्टची फरशी आता जास्त वेगानं वर येऊन गाठते. ०.३२ सेकंदांऐवजी ०.३० सेकंदांतच धार फरशीवर असते. वेग जेवढ्या पटीत वाढला तेवढ्याच पटीत वेळ कमी झाला आणि धार पुन्हा बरोबर एक मीटरवरच पडते. फरशीवरचा ओला डाग पाहणाऱ्याला काही बदलल्याचं कळणारही नाही. सेकंदाला बाहेर पडणारं पाणी मात्र सहा टक्क्यांनी जास्त असतं.

याउलट पाऱ्याचा बॅरोमीटर त्वरण लगेच उघड करतो. त्यात एका बाजूला पाऱ्याचा स्तंभ असतो आणि त्याला तोलून धरणारी दुसरी बाजू म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. लिफ्ट सुटली म्हणून खोलीतल्या हवेचा दाब काही बारा टक्क्यांनी वाढत नाही. मग तेवढाच दाब आता कमी उंचीचा पारा पेलू शकतो. हिशेबानं ७६ सेंटिमीटरचा पारा ६७.७ सेंटिमीटरवर यायला हवा. प्रत्यक्षात दोन-अडीच सेकंदांत पारा खाली-वर हेलकावे खात राहील आणि तो आकडा स्थिरपणे वाचता येणार नाही. पण पारा घसरलेला डोळ्यांना स्पष्ट दिसेल.

असाच एक स्तंभ माणसाच्या शरीरातही आहे. हृदयापासून डोळ्यांपर्यंत साधारण तीस सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ हृदयाला सतत वर पेलून धरावा लागतो. त्याचा भार पाऱ्याच्या २३ मिलिमीटर स्तंभाइतका भरतो. हृदयापाशी रक्तदाब सरासरी ९५ असेल, तर मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत तो ७२ वर येतो. लिफ्टच्या त्वरणानं २३ चे २६ होतात, तेही अडीच सेकंदांपुरते. शरीराला त्याचं काही वाटत नाही.

लढाऊ विमान सूर मारून वर उचललं जातं किंवा झपकन वळतं, तेव्हा वैमानिकाच्या दृष्टीनं ते विलक्षण त्वरणाची लिफ्टच असतं. वैमानिक ज्याला '४ जी' म्हणतात, त्यात प्रत्येक वस्तू चौपट जड होते. रक्ताच्या त्या तीस सेंटिमीटर स्तंभाचा भार २३ वरून ९२ वर जातो. हृदयाकडे आहेत ९५. मेंदूपर्यंत पोहोचायला जवळजवळ काहीच उरत नाही. हृदय हा स्नायू आहे; त्याची ताकद चौपट होत नाही. शरीर ठोके वाढवून, रक्तवाहिन्या आवळून थोडी भरपाई करतं, तरीही विशेष तयारी नसलेला माणूस चार ते पाच जीच्या आसपास शुद्ध हरपतो.

त्याआधी नजर जाते. याचं कारणही दाबातच आहे. डोळ्याच्या आत स्वतःचा सुमारे १५ मिलिमीटर दाब असतो आणि रक्ताला तो ओलांडून आत शिरावं लागतं. म्हणून मेंदूत थोडंफार रक्त पोहोचत असतानाच डोळ्याचा पुरवठा तुटतो. आधी रंग फिके पडतात, मग नजरेच्या कडा काळवंडत आत सरकतात आणि मग सगळं काळं होतं. शुद्ध असते, आवाज ऐकू येतात, पण दिसत नाही. बंगळुरूच्या भारतीय हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना फिरत्या सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून या खुणा ओळखायला आणि पाय-पोट आवळून, श्वास रोखून रक्त वर टिकवायला शिकवतात.

दुसऱ्या महायुद्धात टोरांटोचे कर्करोग संशोधक विल्बर फ्रँक्स यांनी यावर जो उपाय काढला, तो थेट गवंड्याच्या लेव्हल पाईपच्या तत्त्वावरचा होता. प्रयोगशाळेच्या सेंट्रिफ्यूजमध्ये काचनळ्या फुटत. त्या द्रव भरलेल्या मजबूत भांड्यात ठेवून फिरवल्या की फुटत नसत, कारण नळीच्या आतल्या द्रवाचा दाब जितका वाढे तितकाच बाहेरच्या द्रवाचाही वाढे. फ्रँक्स यांनी हीच युक्ती माणसाला लावली. रबराच्या दोन थरांमध्ये पाणी भरलेला, पाय आणि पोट वेढणारा पोशाख त्यांनी तयार केला. जास्त जीमध्ये खरी अडचण असते ती पायांत रक्त साचण्याची. हृदयापासून पावलांपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा भार चौपट झाला की पायांतल्या नसा फुगतात, रक्त तिथेच अडकतं आणि हृदयाला वर फेकायला रक्तच मिळत नाही. पोशाखातलं पाणीही त्याच क्षणी चौपट जड होई आणि बाहेरून तेवढाच दाब देई. झडप, पंप, मोजमाप कशाचीच गरज नाही. पाण्याची घनता रक्ताहून जेमतेम सहा टक्क्यांनी कमी असल्यानं तोल आपोआप साधला जाई.

१९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या लढाईत ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी तो वापरला. त्याचे दोष वापरातच कळले. पाण्यानं भरलेला पोशाख जड होता, गरम होई आणि तो घालून विमानतळावर तासन्‌तास सज्ज बसणं त्रासाचं होतं. पुढे पाण्याची जागा हवेनं घेतली. हवा भरलेला पोशाख हलका असतो, पण हवेचा स्वतःचा भार नगण्य असल्यानं ती आपोआप पुरेशी जड होत नाही. म्हणून त्यात जी वाढताच हवा भरणारी झडप बसवावी लागते.

आता वजाबाकीची बाजू. लिफ्ट खालच्या दिशेला जितक्या जास्त त्वरणानं निघेल, तितका तळाचा दाब कमी. त्वरण ९.८ झालं, म्हणजे लिफ्ट मोकळी सुटून पडू लागली, तर बेरीज-वजाबाकी शून्यावर येते. पाणी आणि नळी एकाच त्वरणानं खाली पडत असतात, तळाला पाण्याला ढकलावं लागतच नाही आणि एक मीटर पाण्याखाली पाण्यामुळे येणारा दाब शून्य होतो. लिफ्ट त्याहूनही वेगानं खाली ओढली, तर सूत्र उणे दाब दाखवील. पण प्रत्यक्षात तिथे हे सूत्रच लागू पडत नाही. पाणी तळ सोडून छताला जाऊन आदळेल. खऱ्या लिफ्टमध्ये ही वेळ येऊ दिली जात नाही. दोर तुटला तरी लिफ्ट जागीच अडकावी, अशी सोय एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जाहीरपणे करून दाखवली होती. आजच्या लिफ्टमध्येही वेग मर्यादेबाहेर गेला की रुळांना घट्ट पकडणारी सुरक्षा यंत्रणा असते.

मोकळ्या पडणाऱ्या लिफ्टचं काम एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली करू शकते. बुडापासून दोन बोटं वर तापवलेल्या सुईनं भोक पाडायचं, बोटानं ते बुजवून बाटली भरायची आणि झाकण काढून ठेवायचं. झाकण लावलेलं राहिलं, तर पाणी नुसतं हातात धरल्यावरही बाहेर पडत नाही आणि प्रयोग फसतो. बोट काढलं की धार सुरू होते. पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून बाटली खाली ठेवलेल्या बादलीकडे सोडली, की हातातून सुटताच धार तुटते. तीन मीटर पडायला पाऊण सेकंद लागतो; तेवढ्यात डोळ्यांना खात्री पटत नाही, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावं. त्यात हवेत सुटलेलं शेवटचं पाणी बाटलीच्या बाजूनं खाली जाताना दिसतं, पण भोकातून नवा थेंब येत नाही. येत असेल, तर बहुधा सोडताना बाटली दाबली गेली आहे किंवा तिला गिरकी बसली आहे. गिरकीमुळे पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं जातं आणि भोकाशी दाब पुन्हा तयार होतो.

याच बाटलीचा दुसरा प्रयोग पाहणाऱ्यांना जास्त बुचकळ्यात टाकतो. बाटली सरळ वर फेकायची, गिरकी न देता. हात ढकलत असतो तोवर धार जोरात असते, म्हणजे लिफ्ट सुटताना होतं तसंच. पण हातातून सुटल्यावर, बाटली अजून वर जात असतानाच, धार बंद होते. वर जाताना, टोकाला क्षणभर थबकताना आणि खाली येताना, तिन्ही वेळा बाटलीचं त्वरण एकच असतं, खालच्या दिशेला ९.८.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात १४६ मीटर उंचीचा मनोरा याच कामासाठी उभा आहे. त्याच्या आत ११० मीटरची पोकळ नळी आहे. हवेचा अडथळा राहू नये म्हणून तिच्यातली हवा काढून घेतात आणि प्रयोगाची कुपी वरून सोडतात. ४.७४ सेकंद ती मोकळी पडते. तेवढ्या वेळात तिच्यातल्या द्रवाचा भार नाहीसा होतो, एरवी दाबाखाली झाकला जाणारा पृष्ठताण वरचढ ठरतो आणि द्रव भांड्याच्या भिंतींवर चढू लागतो. अंतराळयानाच्या टाकीत इंधन कसं वागेल हे जमिनीवरच पाहायला हे काही सेकंद फार मोलाचे असतात. २००४ पासून तिथे कुपी वरून सोडण्याऐवजी तळातून वर उडवण्याचीही सोय आहे. उडवल्याच्या पुढच्या क्षणापासून, वर जातानाही, आतल्या द्रवाच्या तळाशी त्याच्या भारामुळे येणारा दाब उरत नाही. म्हणूनच त्याच मनोऱ्यात मिळणारा वेळ जवळजवळ दुप्पट, ९.३ सेकंद होतो.